निबंध कोण तपासतंय? परीक्षकाची नजर, यंत्राची मोजणी आणि शहापूर-मुरबाडच्या मुलांची तयारी

‘पेपर आता कॉम्प्युटर तपासतो’ हे वाक्य शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या क्लासबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तरी ऐकू येतं. पुढचं वाक्यही ठरलेलंच असतं: मग मोठे मोठे शब्द टाका, पानं भरा, मार्क पडतात. यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि दुसरं अर्धवट खरं. अर्धवट खरं असल्यामुळेच ते जास्त धोक्याचं आहे.

आधी पहिल्या वाक्याचा निकाल लावू. शहापूर-मुरबाडची कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे २०१७ चा गोंधळ इथल्या घराघरांत आठवत असेल. त्या वर्षी विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने लांबले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. ‘कॉम्प्युटर तपासतो’ ही समजूत तेव्हापासून पक्की झाली असावी. प्रत्यक्षात त्या पद्धतीत कॉम्प्युटर काहीच तपासत नव्हता. कागदाचा फोटो प्राध्यापकाच्या स्क्रीनवर येतो, प्राध्यापक वाचतो, मार्क देतो, बेरीज तेवढी मशीन करतं. याला ऑनस्क्रीन मार्किंग म्हणतात. दहावीच्या मराठीतला आठ मार्कांचा निबंधही माणूसच वाचतो: आधी परीक्षक, मग त्याच्या वरचा नियामक. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचा नवा वर्णनात्मक पॅटर्न २०२५ पासून लागू झाला. त्यात २५० मार्कांचा निबंधाचा स्वतंत्र पेपर आहे. तोही हाताने लिहायचा आणि तोही माणूसच तपासणार.

मग यंत्र खरोखर निबंध कुठे तपासतं? मुख्यतः परदेशी शिक्षणासाठीच्या इंग्रजी परीक्षांमध्ये. पीटीई आणि ड्युओलिंगोचा मुख्य भर यंत्रावर आहे. टोफेल आणि जीआरईमध्ये माणूस आणि यंत्र दोघं मिळून मार्क ठरवतात. आयईएलटीएसचं लेखन माणूस तपासतो. म्हणजे एकाच घरात एक भाऊ एमपीएससी करतोय आणि बहीण नर्सिंगसाठी पीटीई देतेय, असं असेल तर दोघांच्या निबंधाचा वाचक पूर्णपणे वेगळा आहे. एकाच वहीतून दोघांनी तयारी करून चालणार नाही.

यंत्र वाचत नाही, अंदाज बांधतं

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ मध्येच ‘प्रोजेक्ट एसे ग्रेड’ मांडला होता. मूळ युक्ती आजही तीच आहे. माणसांनी मार्क दिलेले शेकडो-हजारो निबंध यंत्राला द्यायचे. जास्त मार्क मिळालेल्या निबंधांत कोणत्या गोष्टी सारख्या दिसतात ते यंत्र शोधतं: लांबी किती, वाक्यं किती लांब, शब्द किती वेगवेगळे, व्याकरणाच्या चुका किती, ‘त्यामुळे’, ‘याउलट’ असे जोडशब्द किती, विषयातले शब्द येतात का. मग नवा निबंध आला की यंत्र या खुणा पाहून सांगतं, ‘अशा निबंधाला माणसाने साधारण चार दिले असते’. निबंध चांगला आहे का, हा प्रश्न यंत्राला कोणी विचारलेलाच नसतो. त्याला विचारलेलं असतं की माणसाने किती दिले असते.

हे नीट कळावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रश्न आहे: मोठ्या शहरांनी दूरच्या गावांमधलं पाणी वापरावं का? उत्तर इंग्रजीत, वीस मिनिटांत, टाइप करून. दोन मुली लिहितात.

पहिली शहापूर तालुक्यातली. तिचं इंग्रजी साधं आहे. ती लिहिते की भातसा आणि तानसा ही धरणं तिच्याच तालुक्यात आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर टँकर येतो. पुढे ती म्हणते की पाणी देऊ नका असं तिचं म्हणणं नाही, पण धरणाच्या काठच्या गावाला नळ आधी मिळावा. एकूण १६५ शब्द, चार-पाच स्पेलिंगच्या चुका, एक परिच्छेद.

दुसरीने क्लासमधून साचा पाठ केलाय. ‘आजच्या आधुनिक जगात हा अत्यंत वादग्रस्त विषय आहे’ इथून सुरुवात. चार परिच्छेद, २८० शब्द, एकही चूक नाही, जोडशब्द जागच्या जागी. मध्येच ती भातसा धरण पुणे जिल्ह्यात नेऊन ठेवते. स्वतःचं मत असं काही नाही.

अनुभवी परीक्षक पहिलीला वर ठेवेल. तिथे मुद्दा आहे, पुरावा आहे, आणि ‘देऊ नका’ व ‘आधी आम्हाला द्या’ यातला फरक तिला कळलाय. दुसरीचा साचा त्या परीक्षकाने त्या आठवड्यात पन्नास वेळा वाचलेला असतो.

खुणा मोजणाऱ्या यंत्राचा कल मात्र दुसरीकडे जाईल. पीटीईचा साधा नियमच बघा: निबंध २०० ते ३०० शब्दांचा हवा. १२० ते १९९ शब्द असतील तर या निकषावर अर्धेच मार्क मिळतात, १२० च्या खाली गेलात तर शून्य. म्हणजे १६५ शब्दांवर पहिली मुलगी एकही वाक्य वाचलं जाण्याआधीच मागे पडली. भातसा पुण्यात नाही हे मोजणीच्या यंत्राला माहीत नाही, आणि ते शोधायला त्याला कोणी सांगितलेलंही नाही. धरणाचं नाव, पाणी, शहर हे शब्द आले म्हणजे त्याच्या लेखी विषय आला.

हे टोकाला नेऊन दाखवणारेही होऊन गेले. ‘ई-रेटर’ या यंत्राला चकवायचं खुलं आव्हान दिलं गेलं तेव्हा एका प्राध्यापकाने तेच ते परिच्छेद ३७ वेळा चिकटवून चढे मार्क मिळवले. पुढे एमआयटीचे लेस पेरेलमन आणि काही विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम बनवला. दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त पण पूर्ण निरर्थक निबंध लिहायचा, आणि यंत्र त्याला भरघोस मार्क द्यायचं. ऑस्ट्रेलियात शाळांच्या राष्ट्रीय चाचणीचे निबंध यंत्राकडे द्यायचा बेत पेरेलमन यांच्या अहवालानंतर बासनात गेला.

मग ‘पानं भरा’ हा सल्ला बरोबर का नाही?

कारण परीक्षा घेणाऱ्यांनीही हे किस्से वाचलेत. परिच्छेद पुन्हा पुन्हा आला, निबंध विषयाला सोडून गेला किंवा भलताच लांबला, की आताची यंत्रं तो बाजूला काढतात. पीटीईत आशयाला शून्य पडलं तर बाकी निकषांचे मार्कही जातात, आणि २०२५ पासून तिथे काही प्रश्नांच्या आशयावर माणसाची नजरही जोडली गेली आहे. जीआरईत माणूस आणि यंत्र यांच्या मार्कांत मोठा फरक पडला की दुसरा माणूस बोलावला जातो आणि यंत्राचे मार्क सोडून दिले जातात. अमेरिकेतल्या टेक्सासने २०२४ मध्ये शाळांच्या परीक्षेसाठी यंत्र आणलं. ते सुमारे ३,००० उत्तरांवर शिकवलं होतं, आणि सुमारे एक चतुर्थांश उत्तरं तरीही माणसांकडे पाठवायची ठरली. यंत्राला खात्री नसेल ती उत्तरं, आणि परक्या भाषेतले किंवा बोलीतले शब्द असलेली उत्तरं त्यात येतात.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. जे शिकवणीच्या निबंधांत दिसलं नाही ते यंत्राला ओळखता येत नाही. मुरबाडच्या मुलाने म्हसा यात्रेवर लिहिताना बैलबाजारातले शब्द वापरले तर ठाणे जिल्ह्यातला परीक्षक खूश होईल. यंत्राला ते शब्द चुका वाटतील. उद्या मराठी निबंधांसाठी असं यंत्र आणायचं म्हटलं तर अडचण आणखी वाढते. ‘धरण, धरणाच्या, धरणातून, धरणापाशी’ हा एकच शब्द आहे हे वेगळं शिकवलं नाही तर यंत्र चार वेगळे शब्द मोजेल आणि ‘शब्दसंपत्ती चांगली’ म्हणेल. उलट ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले कोड वेगळे, म्हणून एक बरोबर आणि एक चूक ठरू शकतो. ‘केले’ की ‘केलं’ हा वाद तर माणसांतच मिटलेला नाही.

यंत्राच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. तोच निबंध सकाळी दिला किंवा रात्री दिला तरी यंत्र तेवढेच मार्क देतं. गठ्ठ्यातला शंभरावा पेपर वाचणारा माणूस थकलेला असतो, आधीचा पेपर फार चांगला असेल तर पुढचा उगाच फिका वाटतो, आणि अक्षर वाईट असेल तर मुद्दाही वाईट वाटू लागतो. आश्रमशाळेतून आलेल्या, अक्षर कच्चं असलेल्या मुलाला टाइप केलेला निबंध कदाचित जास्त न्याय देईल.

तयारीत नेमकं काय बदलायचं

पहिली मुलगी पीटीई देणार असेल तर तिने आपला मुद्दा सोडायचं कारण नाही. तिला शब्द वाढवायचेत. टँकर कोणत्या महिन्यात येतो, नळ आधी दिला तर मुंबईचं काय बिघडेल, यावर कोण काय आक्षेप घेईल आणि त्याला उत्तर काय, एवढं लिहिलं तरी १६५ चे २३० होतात. एकाचे तीन परिच्छेद करायचे. प्रश्नातले मुख्य शब्द पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात यायला हवेत. भातसा हे नाव आलं की लगेच ‘माझ्या तालुक्यातलं धरण’ असं इंग्रजीत सांगायचं, म्हणजे अनोळखी नाव एकटं पडत नाही. स्पेलिंगची खात्री नसलेला जड शब्द टाकून सोपा वापरायचा, कारण तिथे चूक मोजलीच जाते.

दुसरी अडचण बोटांची आहे. वीस मिनिटांतली चार विचारात गेली, तीन तपासण्यात गेली, उरली तेरा. २५० शब्द तेरा मिनिटांत म्हणजे मिनिटाला साधारण १९ शब्द, तेही विचार करत. मोबाइलवर भराभर टाइप करणारी मुलं कीबोर्डवर अडखळतात, आणि पाहून टाइप करण्यापेक्षा सुचेल तसं टाइप करणं बरंच सावकाश होतं. तालुक्यात जीसीसी-टीबीसीची ३० शब्दांची इंग्रजी टायपिंग परीक्षा केलेली मुलं असतात. या एका बाबतीत ती शहरातल्या कितीतरी मुलांच्या पुढे आहेत.

एमपीएससी करणाऱ्या भावाने मात्र यातलं काहीच करू नये. त्याला शब्द मोजून वाढवायचे नाहीत, साच्याची सुरुवात नको, जोडशब्दांची रांग नको. त्याला हवंय सुटसुटीत अक्षर, समास सोडून लिहिलेलं पान आणि पहिल्या परिच्छेदातच कळणारी भूमिका. सराव निबंध त्याने अशा माणसाला वाचायला द्यावा ज्याला विषय माहीत नाही, आणि वाचून झाल्यावर फक्त एवढंच विचारावं की माझं म्हणणं काय होतं. बहिणीने तोच निबंध शब्दमोजणी आणि स्पेलचेक लावून बघावा, पण सराव टाइप करताना स्पेलचेक बंद ठेवावा. परीक्षेच्या स्क्रीनवर तो नसतो.