‘आपलं गोकुळ’ ग्रुपचा राजीनामा

प्रति,
मा. ॲडमिन (थोरले काका) व मा. सह-ॲडमिन (आत्येभाऊ),
‘आपलं गोकुळ’, व्हॉट्सॲप. एकूण सदस्य ४३, उद्यापासून ४२.

विषय : सदस्यत्वाचा राजीनामा मंजूर करण्याबाबत (मंजूर न केल्यास तो आपोआप मंजूर समजण्याबाबत).
संदर्भ : माझ्या लग्नातला उखाणा, सन २०१७.

ती. काका,
शि. सा. नमस्कार वि. वि.

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की मी हा ग्रुप सोडत आहे. खरं तर मुकाट्याने सुद्धा सटकता आलं असतं. २०२२ पासून ग्रुप सोडला की फक्त ॲडमिनना कळतं, बाकीच्यांना ती ‘अमुक तमुक लेफ्ट’वाली पाटी दिसत नाही. पण गेलेल्या लोकांची यादी ग्रुपच्या माहितीत साठ दिवस दिसते आणि आपल्या घरात अशा याद्या वाचायला लोकांना भरपूर वेळ आहे. तेव्हा म्हटलं, जायचंच तर वाजतगाजत जाऊ.

आता संदर्भाबद्दल. पंगतीत घास भरवताना मला उखाणा घ्यायला लावला. पहिली ओळ झकास आली. दुसरीच्या आधी मी ‘अं...’ म्हणून थांबलो आणि थांबलोच. व्हिडिओत मोजलंय, अकरा सेकंद. शेवटी बायकोच्या मावशीने ओळ पूर्ण केली, सगळे हसले, मीही हसलो. इथपर्यंत काही तक्रार नाही. लग्नात कुणाचा तरी पचका व्हायलाच हवा, नाहीतर लोक जेवणाला नावं ठेवतात.

पण २०१८ च्या शेवटी व्हॉट्सॲपवर स्टिकर आले, आणि सह-ॲडमिन साहेबांनी त्या अकरा सेकंदांतला माझा उघडा जबडा कापून त्याखाली ‘अं...’ लिहिलं. झालं! तेव्हापासून मी या घराण्यात ‘अं’ आहे.

हे सगळं मी भावनेच्या भरात बोलतोय असं वाटू नये म्हणून (इंजिनियर माणूस, पुराव्याशिवाय भांडत नाही) परवा ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट केलं आणि ही एक ओळ चालवली :

```
grep -ciE 'उखाण|ukhan' chat.txt
```

शेवटचा ‘आ’ मुद्दाम गाळलाय, कारण उखाण्याचं उखाण्यावरून, उखाण्याला असं सामान्यरूप होतं आणि ‘उखाणा’ शोधला तर निम्मे निसटतात. निम्मे काका मंडळी मराठी इंग्रजी लिपीत लिहितात म्हणून पुढचा भाग. उत्तर आलं ३१८. आणि हा आकडा कमीच आहे बरं का! मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलं की प्रत्येक स्टिकरच्या जागी नुसतं `<Media omitted>` येतं, म्हणजे माझा जबडा यात एकदाही मोजलेला नाही.

यावर येणारं पहिलं उत्तर मला पाठ आहे : “अरे, घरात चिडवतातच! आम्हाला नाही का चिडवायचे?” चिडवायचे ना. काका, तुम्हाला अजून ‘भजी’ का म्हणतात ते मला माहीत आहे. पण घरातल्या चिडवण्याला ब्रेक होते. एक म्हणजे समोरच्याचा चेहरा. माणूस खरंच कानकोंडा झाला की दिसायचं, आणि कुणीतरी “ए, भात वाढ रे त्याला” म्हणून विषय वळवायचं. दुसरं म्हणजे पंगत उठायची. ताटं उचलली की विनोद पण उचलला जायचा. आणि तिसरं म्हणजे आजी. तिने “पुरे आता” म्हटलं की पुरे.

ग्रुपवर यातलं काहीच नाही. चेहरा दिसत नाही. पंगत उठत नाही, कारण दुपारी दोनचा विनोद पुण्यात शिळा होईतो न्यू जर्सीत दादा उठतो, त्याच मेसेजला रिप्लाय देतो, आणि अख्खी पंगत परत बसते. तिकडून सहा वर्षांपूर्वीचा फोटो उकरून काढला तरी तो आजच्या तारखेने वर येतो. आणि आजी ग्रुपवर आहे, पण तिचा फोन धाकटे काका चालवतात.

दुसरं उत्तरही पाठ आहे : “मग म्यूट कर ना.” केलंय की! २०२० पासून ‘ऑलवेज’वर आहे. पण म्यूट केलेल्या ग्रुपमध्येही कुणी @ लावून माझं नाव घेतलं किंवा माझ्या मेसेजला रिप्लाय दिला की सूचना येतेच, आणि चिडवणारा माणूस नेमकं हेच दोन्ही करतो. म्हणजे म्यूट केल्यावर वाढदिवसाचे केक आणि ‘शुभ सकाळ’ बंद होतात, आणि फक्त माझी टिंगल तेवढी गाळून, स्वच्छ करून माझ्यापर्यंत पोचते. आता बोला! बरं, गप्प बसावं तर निळ्या टिका आहेत. एकेकट्याच्या चॅटमध्ये त्या बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. मेसेजच्या माहितीत कुणी वाचलं ते नावानिशी दिसतं. मग “वाचून गप्प बसलाय, अं करतोय वाटतं” असा पुढचा अंक सुरू.

यात ॲपला दोष देत नाही. त्याने सगळ्यांना सारखीच हत्यारं दिली आहेत. कुणावर चालवायची ते आपण ठरवलं.

आता एक प्रसंग सांगतो आणि मग मूळ मुद्द्यावर येतो. २०२२ मध्ये बाबांना छातीत दुखतंय म्हणून ॲडमिट केलं तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, “बाबांना ॲडमिट केलंय, रिपोर्ट यायचेत...” शेवटी तीन टिंबं होती. त्या टिंबांवर पहिलं उत्तर माझाच जबडा आला. त्यावर नऊ जण हसले. हसणाऱ्यांनी वरची ओळ वाचली नव्हती असं नंतर कळलं, आणि ते खरंही असेल. स्टिकर दिसला की हात आपोआप हसऱ्या चेहऱ्यावर जातो. पण त्या गदारोळात आत्याने विचारलेलं “कुठलं हॉस्पिटल? मी निघते” मला चाळीस मिनिटांनी दिसलं. बाबा बरे आहेत, आत्या रिक्षाने पोचली, असो. मुद्दा एवढाच की ज्या कामासाठी हा ग्रुप काढला त्या कामाला तो त्या दिवशी आला नाही.

तरीही तेव्हा मी राजीनामा दिला नाही. माझं काय, मी चाळिशीचा बाप्या आहे, कातडी कमावलीय.

आज देतोय तो ताईच्या धाकट्यामुळे. आठवीतला मुलगा, बोलताना अडखळतो. अशा मुलांना मध्येच तोडलं, घाई केली, त्यांचं वाक्य आपणच पुरं केलं की जास्त अडखळायला होतं. घरी पंगतीत आपण नेमकं तेच करतो. ग्रुपवर मात्र त्याला त्याची जागा सापडली होती. व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायचा, पाठवायच्या आधी ऐकायचा, नाही आवडला तर परत करायचा. मध्ये तोडायला कुणी नाही. गेल्या गणपतीत त्याने अख्ख्या आरासीची माहिती दोन मिनिटांच्या मेसेजमध्ये सांगितली होती, ऐकलीत का कुणी? थर्माकोल न वापरता पुठ्ठ्याचे खांब कसे उभे केले, ते तीनदा का पडले, सगळं. मध्ये दोनदा अडकला, पण थांबून पुढे गेला.

खाली काय आलं ते मी मुद्दाम जसंच्या तसं देतो. पहिलं : “२x वर ऐकला तरी माझी लोकल सुटली.” दुसरं : माझा जबडा. तिसरं : “छोटा अं!!!” आणि मग चौदा हसरे चेहरे.

त्यानंतर त्या पोराचा एकही व्हॉइस मेसेज आलेला नाही. ताईला विचारलं तर म्हणाली, “आता तो नुसते अंगठे पाठवतो.” ‘छोटा अं’ म्हणणाऱ्यांना त्याचं बोलणं माहीत नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं विनोद माझ्यावर आहे आणि तो नुसता जवळ उभा होता. वर्षानुवर्षं चालणाऱ्या विनोदाची हीच गोची असते. ज्याच्यावर केला त्याला सवय होते, म्हणून तो निरुपद्रवी वाटायला लागतो, आणि मग जो दिसेल त्याच्या अंगावर टाकला जातो. माझे अकरा सेकंद एकदाच झाले. त्याचे रोज होतात.

काका, तुम्ही म्हणाल ॲडमिनने काय काय बघायचं? बरोबर आहे. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंच आहे, सामाईक हेतू दिसला तर गोष्ट वेगळी. ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच, असं तेव्हा होतं. पण २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. तो ‘छोटा अं’ पुसायला दोन सेकंद लागले असते. तुम्ही कायद्याने निर्दोष आहात. काका म्हणून मी तुम्हाला विचारतोय.

कार्यभार खालीलप्रमाणे सोपवत आहे. धाकट्या काकांचा ओटीपी, आत्याचं ‘फोन भरलाय’ आणि दादाचं ‘हे खरं आहे का बघ रे’ या तिन्ही खात्यांसाठी मला थेट फोन करावा, सेवा पूर्वीसारखीच मोफत. बाबांची खबर आईकडून मिळेल. मला परत परत ॲड करण्याचे कष्ट घेऊ नयेत. ‘कोण मला ग्रुपमध्ये घेऊ शकतं’ या सेटिंगमध्ये दोन्ही ॲडमिनची नावं वगळलेल्यांत टाकली आहेत, त्यामुळे तुम्हाला फक्त खासगी निमंत्रण पाठवता येईल आणि ते तीन दिवसांत बाद होतं.

परत येण्याची एकच अट आहे. स्टिकर पुसा असं म्हणत नाही, कारण ज्यांनी तो फेव्हरिटमध्ये ठेवलाय त्यांच्याकडून तो मेसेज पुसून जाणार नाही. अट अशी की ज्या चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले, त्यातल्या कुणीतरी त्या पोराला पुठ्ठ्याच्या खांबांबद्दल फोन करून विचारावं आणि तो बोलत असेपर्यंत गप्प बसून ऐकावं. दोन मिनिटांचं काम आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला (ग्रुपपुरता माजी),
अं

प्रत माहितीसाठी : आजी (धाकट्या काकांनी कृपया पूर्ण वाचून दाखवावी, मधले परिच्छेद गाळू नयेत).