शून्याखालचे उत्तर खोडू नका

उष्णतारोधक भांड्यात 40 अंश सेल्सिअसचे 200 ग्रॅम पाणी आहे. त्यात −10 अंशांचा 100 ग्रॅम बर्फ टाकला, तर मिश्रणाचे अंतिम तापमान किती? असे गणित आपण सगळेच वर्गात घालतो. उत्तरपत्रिकांत त्याची तीन उत्तरे भेटतात: 25, 1.67 आणि क्वचित −1.67. तिन्ही चुकीची आहेत, पण तिन्ही चुका एका जातीच्या नाहीत. यातल्या तिसऱ्या उत्तराची बाजू या महिन्यात मांडायची आहे.

25 अंश लिहिणारा मुलगा अप्रकट उष्मा विसरला. बर्फ शून्यावर आला आणि पुढे पाण्यासारखा तापत गेला, असे त्याने धरले. त्याच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. त्याला तो धडा पुन्हा शिकवायला हवा. उरलेल्या दोघांनी मात्र उष्णता विनिमयाचे समीकरण नीट मांडलेले असते. बर्फाचा विशिष्ट उष्मा 0.5 आणि वितळण्याचा अप्रकट उष्मा दर ग्रॅमला 80 कॅलरी धरला, तर ते समीकरण असे होते:

200(40 − T) = 500 + 8000 + 100T

सोडवले की 300T = −500 येते, म्हणजे T = −1.67. शून्याखालचे पाणी पाहून मुलगा दचकतो आणि बरेचदा उणे चिन्ह गुपचूप गाळून टाकतो. ज्याने चिन्ह तसेच ठेवले त्याला आपण शून्य गुण देतो आणि ज्याने ते गाळले त्यालाही शून्यच. हा न्याय बरोबर नाही, कारण त्या उणे चिन्हातच गणिताचे खरे उत्तर आहे.

समीकरण मांडताना एक गोष्ट न बोलता गृहीत धरली गेली, ती म्हणजे सगळा बर्फ वितळला. उजवीकडचे 8000 आणि 100T हे दोन्ही त्या गृहीतकातून आले. ते खरे की खोटे हे समीकरणाला आधी ठाऊक नसते, पण शेवटी ते सांगते. −500 म्हणजे सगळा बर्फ वितळवायला 500 कॅलरी कमी पडल्या. आता ही तूट 300 ने भागण्याऐवजी 80 ने भागा. 6.25 येतात, आणि तेवढे ग्रॅम बर्फ न वितळता उरतो. अंतिम तापमान 0 अंश, वितळलेला बर्फ 93.75 ग्रॅम, उरलेला 6.25 ग्रॅम. ताळा पाहायचा असेल तर पाण्याने शून्यापर्यंत निवताना 8000 कॅलरी दिल्या, त्यातल्या 500 बर्फाला −10 वरून शून्यावर आणण्यात गेल्या आणि उरलेल्या 7500 नी 93.75 ग्रॅम बर्फ वितळवला. हिशेब जुळतो.

म्हणून फळ्यावर आमचा आग्रह समीकरणाआधी शिल्लक काढण्याचा आहे. पाणी शून्यावर येताना किती देईल आणि सगळा बर्फ वितळायला किती लागेल, या दोनच संख्या. वजाबाकी धन आली तर तिला एकूण वस्तुमानाने भागून तापमान मिळते. ऋण आली तर तापमान शून्य, आणि 80 ने भागून उरलेला बर्फ. बर्फ आधीच शून्यावर असेल तर अंदाज तोंडीही करता येतो: 80 अंशांचे पाणी स्वतःच्या वजनाइतका बर्फ जेमतेम वितळवते, 40 अंशांचे निम्म्या वजनाचा, 20 अंशांचे पाव. ग्लासगोला 1760 च्या दशकाच्या आरंभी जोसेफ ब्लॅक यांनी गरम पाणी आणि बर्फ घेऊन जे मोजले ते हेच होते. त्यांचा आकडा 140 फॅरनहाइट अंशांच्या आसपास, म्हणजे सुमारे 78 सेल्सिअस अंश होता. त्या काळच्या साधनांच्या मानाने तो थक्क करणारा आहे.

शून्य हे उत्तर अपवादाने येते असा मुलांचा समज असतो, आणि तो आपल्याच प्रश्नांनी करून दिलेला असतो. वरच्याच गणितात बर्फ वाढवत नेऊन पाहा. साधारण 94 ग्रॅमपर्यंत सगळा बर्फ वितळतो आणि तापमान शून्याच्या वर राहते. त्यापुढे ते शून्यावरच थांबते. 1600 ग्रॅम बर्फ टाकला तर त्याला −10 वरून शून्यावर आणण्यातच पाण्याच्या 8000 कॅलरी संपतात, हिशेबाने एक ग्रॅमही वितळत नाही. त्याहून जास्त टाकला तर उलट पाणीच गोठू लागते, पण तापमान तरीही शून्यच. 200 ग्रॅम पाणी पूर्ण गोठायला त्याने आणखी 16000 कॅलरी द्याव्या लागतात, आणि तेवढा थंडावा 4800 ग्रॅम बर्फात असतो. म्हणजे 94 ग्रॅमपासून पावणेपाच किलोच्या वरपर्यंत उत्तर एकच. इतक्या लांब पट्ट्यातला एकही प्रश्न आपल्या सराव संचात नसेल, तर मुलांनी चिन्ह गाळले म्हणून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न काढणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. ‘उष्णतारोधक’ म्हणजे उष्णता बाहेर जात नाही आणि आत येत नाही, एवढेच. भांडे स्वतः उष्णता घेत-देत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. 40 अंशांच्या पाण्याबरोबर 100 ग्रॅमचा तांब्याचा कॅलरीमापीही 40 अंशांवर असतो आणि शून्यावर येताना सुमारे 370 कॅलरी देतो. मग वरची तूट 500 वरून 130 वर येते आणि जेमतेम दीड ग्रॅम बर्फ उरतो. भांडे 150 ग्रॅमचे असेल तर तूट फिटून थोडी शिल्लकही पडते: बर्फ सगळा वितळतो आणि तापमान 0.2 अंशाच्या आसपास राहते. भांड्याची उष्माधारकता नगण्य धरायची असेल तर तसे प्रश्नात लिहावे.

प्रयोगाच्या टेबलावर या गणिताची खरी अडचण बर्फातच असते. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ शून्यावर नसतो. तो −15 अंशांवर असताना शून्यावर धरला, तर दर ग्रॅममागे साडेसात कॅलरी अप्रकट उष्म्याच्या खात्यात जमा होतात आणि उत्तर 80 ऐवजी 87 च्या पुढे जाते. बाहेर ठेवून घामेजलेला बर्फ घेतला तर उलटी चूक होते. त्यात शेकडा पाच भाग पाणी आधीच असेल, तर त्याला वितळायला काहीच लागत नाही आणि उत्तर 76 येते. मुलांच्या वह्यांतले आकडे कोणत्या बाजूला झुकतात ते पाहिले की कोणती चूक झाली हे बर्फ न पाहताही कळते. रीत जुनीच आहे: बर्फाचे बारीक तुकडे करायचे, पृष्ठभाग ओला दिसेपर्यंत थांबायचे, टिपकागदाने कोरडे करून लगेच टाकायचे. मोठा खडा बाहेरून ओला असला तरी आतून शून्याखाली असू शकतो, म्हणून तुकडे बारीकच हवेत. बर्फाचे वजन आधी करू नये. प्रयोग संपल्यावर कॅलरीमापी पुन्हा तोलून वाढलेले वजन घ्यावे.

ढवळण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे न ढवळलेल्या भांड्यात वर बर्फ तरंगत असतानाही तळाशी टेकलेला तापमापी 4 अंशांजवळ रेंगाळतो. विद्यार्थी तेच अंतिम तापमान म्हणून लिहितो आणि हिशेबातले शून्य खोटे ठरले असे समजतो. बर्फ दिसत असताना तापमापीने 3 किंवा 4 दाखवले, तर वाचन घेऊ देऊ नका. ढवळणी हातात द्या आणि पारा कुठे जातो ते त्यालाच पाहू द्या.