मित्राच्या लेखावरून हात फिरवताना

स्मरणिका काढायची ठरली की माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या जातात, आणि त्या आल्या की त्यांपैकी निम्म्या आमच्यासारख्या कोणाच्या तरी हाती येतात. "जरा हात फिरवून दे," असे म्हणून मित्र कागद पुढे करतो. आजवर आम्ही असे पुष्कळ कागद हाताळले. जुन्या स्मरणिका चाळल्यावर मात्र एक गोष्ट मनाला टोचली. एक जण एसटीत मेकॅनिक होता, एक जण तलाठी, एक जण शेतीच करीत राहिला. लेख मात्र तिघांचे एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. तो माणूस आम्हीच. म्हणून हे लिहिणे.

यंदा आमच्या एका वर्गमित्राने नऊ फुलस्केप कागद आणून दिले. एसटीच्या आगारात आयुष्य काढलेला हा माणूस. शाळा सुटल्यानंतर अर्जापलीकडे त्याने काही लिहिले नव्हते. वसतिगृहात आल्याचा पहिला दिवस त्याने असा लिहिला होता:

"बापानं मला सोडलं फाटकापाशी. पेटी होती हातात, पत्र्याची. पेटीत काय होतं? एक सदरा अन् मायनं बांधून दिलेली चटणी. बाप म्हणे, 'मांगं पाहू नको.' मी मागं पाहिलं. बाप गेलाच नव्हता."

आम्ही एका बैठकीत त्याचे पुढीलप्रमाणे 'शुद्ध' रूप केले:

"माझ्या वडिलांनी मला वसतिगृहाच्या प्रवेशद्वारापाशी सोडले तेव्हा माझ्या हातात पत्र्याची एक जुनी पेटी होती. त्या पेटीत एक सदरा आणि आईने प्रेमाने बांधून दिलेली चटणी यांखेरीज काहीही नव्हते. वडिलांनी मागे वळून न पाहण्यास सांगितले. परंतु मी भावनावश होऊन मागे पाहिले, तर ते पाणावलेल्या डोळ्यांनी अद्याप तेथेच उभे होते."

आम्हांस हे चांगले वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. मित्राने ते वाचले, घडी घातली आणि म्हणाला, "चांगलं आहे रे. पण हे कोनं लिहिलं?" मग थोड्या वेळाने, जणू आमचा अपराध सौम्य करण्यासाठी, "पेटी नवी होती बावा. बाजारातून मुद्दाम घेतली होती. घरात तेवढीच एक नवी वस्तू." आणि पाणावलेले डोळे? "डोळे कुठून दिसतील? पाठ होती त्याची माझ्याकडं."

शैली सुधारताना आम्ही हकीकतच बदलली होती. गरिबाच्या मुलाच्या हाती पेटी म्हणजे ती जुनीच असणार, निरोप घेणाऱ्या बापाच्या डोळ्यांत पाणी असणारच, हे आम्ही गृहीत धरले. ही विशेषणे आमच्या कानांत शेकडो लेखांतून बसलेली. त्याच्या आठवणीत त्यांना जागा नव्हती. मुलाला मागे पाहू नको म्हणणारा बाप स्वतः पाठ फिरवून उभा राहिला होता, आणि तरीही जात नव्हता. हे चित्र मित्राच्या ओबडधोबड ओळींत अर्धे आले होते. आमच्या सफाईत ते उरलेच नाही. 'जुनी', 'प्रेमाने', 'भावनावश', 'पाणावलेल्या' हे चार शब्द आमचे, आणि नेमके तेच खोटे किंवा निरर्थक. तेव्हापासून आम्ही एक पथ्य पाळतो. मित्राच्या आत्मपर लेखात आपल्या पदरचे विशेषण घालायचे नाही. काही उणे वाटले तर समासात प्रश्न लिहायचा, आणि तो जे तोंडी उत्तर देईल तेच, त्याच शब्दांत, मजकुरात घ्यायचे. "पाठ होती त्याची माझ्याकडं" हे वाक्य लेखात तसेच आले.

दुसरी चूक वाक्यरचनेची. मराठी वाक्य क्रियापदावर संपते असे व्याकरणात शिकलो, म्हणून क्रियापदाच्या पुढे काही आले की आमचा हात आपोआप ते मागे ओढतो. पण बोलणारा माणूस क्रियापद उरकून मग आठवलेली गोष्ट पुढे ठेवतो. "पेटी होती हातात, पत्र्याची." यात आधी पेटी दिसते आणि मग ती कशाची ते दिसते. 'हातात पत्र्याची पेटी होती' या वाक्यात माहिती तीच, पण आठवण्याचा क्रम हरवला. तसेच 'गेलाच नव्हता' यातला 'च'. मुलाची खात्री होती की बाप गेला असणार. ती खात्री त्या एका अक्षराने मोडते. आम्ही त्याच्या जागी 'अद्याप तेथेच उभे होते' घातले आणि मुलाचे नवल पुसून टाकले. आणि 'बाप'चे 'वडील' केले ते आदरापोटी. पण मित्र आयुष्यभर बापाला बापच म्हणत आला, आणि त्याच्या तोंडी त्या शब्दात अनादर नाही.

मग दुरुस्त करायचेच काय? पुष्कळ. चूक आणि लकब यांत फरक करायची एक साधी रीत आहे. एखादे रूप एकदाच आले असेल तर ती बहुधा घाई. पुन्हापुन्हा, ठराविक जागी येत असेल तर ती त्याची रीत. नऊ पानांत 'मांगं' फक्त बापाच्या तोंडी येते. स्वतः सांगताना मित्र 'मागं' लिहितो. आम्ही दोन्हीकडे 'मागे' करून टाकले होते. त्याने मात्र, कळत-नकळत, घरची वऱ्हाडी आणि शाळेने दिलेली भाषा यांच्यामध्ये एक रेघ आखली होती. उलट 'दीन' आणि 'दिन' यांचा त्याने केलेला घोटाळा ही निव्वळ चूक. 'प्रजासत्ताक दीन' छापले गेले असते तर हसे त्याचेच झाले असते. तिसऱ्या पानावर 'तो' हा शब्द एका परिच्छेदात तीन निरनिराळ्या माणसांसाठी आला होता. तेथे नावे घालावी लागली. आजारपणाची हकीकत आधी आणि प्रवेशाचे वर्ष नंतर, हा क्रमही त्याच्याशी बोलून बदलला. 'केलं', 'असं', 'मागं' ही रूपे अशुद्ध म्हणून बदलणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीदेखील बोलण्यातल्या या रूपांना शिरोबिंदू देऊन लिहिण्यास वाव ठेवला आहे.

लांबीची अडचण वेगळी. लेख चौदाशे शब्दांचा, स्मरणिकेत जागा आठशेची. येथे आमचे मत स्पष्ट आहे: वाक्य आखडून नवे लिहिण्यापेक्षा अख्खे वाक्य काढून टाकावे. काढल्याने लेखकाचा आवाज तुटक होईल, पण राहतो त्याचाच. दोन वाक्यांचे एक केले की सांधा आपला येतो, आणि बरेचसे परकेपण त्या सांध्यांतूनच शिरते. 'परंतु', 'त्यामुळे', 'अद्याप' हे आमचे सांधे. मित्राच्या नऊ पानांत 'परंतु' एकदाही नव्हते.

काय काढायचे यावरून मात्र वाद झाला. लेखाचा पहिला परिच्छेद शिक्षणाच्या महतीवर होता, अज्ञानाचा अंधार, ज्ञानाचा दिवा वगैरे. तो त्याचा आवाजच नव्हे, असे आम्ही ठरवून टाकले होते. मित्र ऐकेना. "छापायचं म्हणून मी नीट लिहिलं ते. तेवढंच तर शाळेत शिकलो." यावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. आपल्या समाजात प्रमाण भाषा हीदेखील मिळवलेली वस्तू आहे. ती अंगावर घालून मंचावर जावेसे वाटणे हा खोटेपणा नव्हे. बोली तेवढी खरी आणि बाकी उसने, असे मानणारा संपादक दुसऱ्या टोकाची तीच चूक करतो. आम्ही असेही लेख पाहिले आहेत ज्यांत हौशी मित्राने 'पाणी'चे 'पानी' आणि 'मला'चे 'मले' सर्रास करून लेखकाला त्याने न लिहिलेली वऱ्हाडी बोलायला लावली. शेवटी तडजोड झाली: परिच्छेद गेला, त्यातले एक वाक्य राहिले, आणि ते कोणते हे त्याने निवडले. आम्ही निवडले असते तर ते नक्कीच दुसरे असते.

याचा अर्थ बोलीला छापात मान नाही असा कोणी घेऊ नये. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. कोणा सद्‌हेतू मित्राने मुखपृष्ठावर 'बलुते' असे शुद्ध केले असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे नावच 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे आहे. ही रूपे ठेवायची की नाही हा निर्णय ज्याचे जगणे त्याचा. आपण फक्त तो त्याला विचारायचा.

शेवटची तपासणी आम्ही कानाने करतो. पक्की प्रत मित्राच्या हाती देऊन त्याला मोठ्याने वाचायला सांगायचे आणि आपण पेन्सिल घेऊन गप्प बसायचे. जेथे तो अडखळतो तेथे खूण करायची. या खेपेस पाच ठिकाणी तो अडखळला. त्यांतली चार वाक्ये आमची होती. एक त्याचेच होते, पण तेथे अडखळण्याचे कारण भाषा नव्हती. बापाच्या पाठीचे वाक्य आले होते. तेथली खूण आम्ही खोडली. त्याची मुलगी स्वयंपाकघरातून ऐकत होती. "आता बाबा बोलल्यासारखं वाटते, काका," एवढेच ती म्हणाली.

तो लेख याच स्मरणिकेत आहे. त्यात घरून निघताना माय म्हणते, 'डोये पूस अन् जा.' मुद्रितशोधकाने 'डोये'खाली रेघ मारून समासात 'डोळे' असे लिहून पाठवले होते. आम्ही मित्राला फोन करून विचारले. तो म्हणाला, "माय डोयेच म्हने." समासातली दुरुस्ती रद्द करून आम्ही प्रत छापखान्यात परत पाठवली.