‘आधी बोलून बघ ना!’

ऑफिसातल्या सीनियरबद्दल काही खटकलं आणि ते कुणाला सांगितलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘आधी बोलून बघ ना. लगेच तक्रार कशाला?’ घरचे हेच सांगतात, मित्र हेच सांगतात आणि एचआरवाले तर हमखास हेच सांगतात. पुष्कळदा तो सल्ला बरोबरही असतो. सीनियर रात्री नऊला कॉल लावतो, तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवतो, सगळ्यांसमोर आवाज चढवतो. अशा वेळी दहा मिनिटं समोर बसून ‘सर, हे मला जड जातंय’ म्हटल्याने गाडी रुळावर येऊ शकते. तिथे थेट अर्ज टाइप करायला बसणं म्हणजे जरा अतीच.

पण एका बाबतीत हाच सल्ला महागात पडतो, आणि इंटर्नशिपला निघालेल्या मुलींना ते आधी माहीत असायला हवं. सीनियरचं वागणं लैंगिक छळाच्या वाटेने जात असेल, तर ‘बोलून बघण्याच्या’ काळातही कायद्याचं घड्याळ चालूच असतं.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात तो, इंटर्नलाही लागू आहे, मग स्टायपेंड मिळो वा न मिळो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. माणसं दहाहून कमी असतील किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इथवरचं बऱ्याच जणींना ओरिएंटेशनमध्ये सांगितलेलं असतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते, हे मात्र त्या स्लाइडवर बारीक अक्षरात असतं. घटना अनेक असतील, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजायचे. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही.

आता समजा, शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी जानेवारीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला लागली. टीम लीड रात्री उशिरा मेसेज टाकू लागला, आधी कामाचे, मग कपड्यांबद्दलचे, मग ‘एकटीच ये कॉफीला’. शेवटचा मेसेज २० फेब्रुवारीचा. २४ तारखेला ती एचआरशी बोलली. उत्तर आलं, ‘मी बोलते त्याच्याशी, तू टेन्शन घेऊ नकोस.’ मेसेज थांबले. पण तिला कामं मिळेनाशी झाली, आणि मे महिनाअखेर त्याच लीडने भरलेल्या मूल्यमापनात तिला सगळ्यात कमी गुण मिळाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने तक्रार करायचं ठरवलं.

तिची मुदत २० मेलाच संपलीय! एचआरशी झालेलं बोलणं तोंडी होतं, त्यामुळे ते मोजलं जात नाही. आता तिला वाढीव मुदत मागावी लागेल आणि आपण का थांबलो हे पटवून द्यावं लागेल. मे महिन्यातल्या गुणांपासून नव्याने तीन महिने मोजता येतील का? त्यावर भिस्त ठेवू नका. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशाच मुद्द्यावर अडली. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ची आणि तक्रार त्याच वर्षी डिसेंबरातली. नंतर पदावरून दूर करणं वगैरे प्रशासकीय गोष्टी छळाचाच पुढचा भाग धरायला न्यायालयाने नकार दिला आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. त्या निकालाचा उल्लेख कुलगुरूंच्या बायोडेटात करायला न्यायालयाने सांगितलं खरं, पण चौकशीचं दार बंद झालं ते झालंच.

मग पहिल्याच दिवशी युद्ध पुकारायचं का? तसं नाही, आणि इथेच कायद्याची एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. लेखी तक्रार दिल्यावर, चौकशी सुरू व्हायच्या आधी, ती स्वतः समितीला म्हणू शकते, ‘समेटाने मिटवता येतं का बघा.’ मागणी तिच्याकडूनच यायला हवी आणि पैसे देऊन-घेऊन मिटवता येत नाही. ठरलेल्या अटी लेखी होतात, त्याची प्रत दोघांना मिळते, आणि त्याने अट मोडली तर ती पुन्हा समितीकडे जाऊन चौकशी सुरू करायला लावू शकते. म्हणजे सामोपचार हवा असला तरी तो समितीच्या टेबलावर करता येतो. चहाच्या टपरीवर ‘सॉरी यार, गैरसमज झाला’ म्हणून मिटवलेल्या प्रकरणात असं परतीचं तिकीट नसतं.

समेट नको असेल तर चौकशी. सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत त्याला जाते, दहा कामाच्या दिवसांत त्याने उत्तर द्यायचं, आणि नव्वद दिवसांत चौकशी संपवायची. गोपनीयता असते, पण ती बाहेरच्यांपासून. त्याला तुमचं नाव कळणारच, त्यामुळे ‘निनावी देऊ का?’ या प्रश्नात फार अर्थ नाही. म्हणूनच तक्रारीबरोबरच दुसरा अर्ज द्यावा : चौकशी चालू असेपर्यंत माझ्या कामाचं मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याने करावं. कायद्यात तशी सोय आहे, पण ती लेखी मागावी लागते. आमच्या मते इंटर्नसाठी सगळ्यात मोलाचं कलम हेच. सीनियरच्या हातातला पेन काढून घेतला, की भीती निम्मी होते.

‘सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल’ हीही धास्ती असते. मुद्दाम खोटी तक्रार केली किंवा बनावट कागद दिले तर कारवाई होते. नुसता पुरावा कमी पडला म्हणून होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

अर्थात या वाटेलाही मर्यादा आहेत. हा कायदा फक्त महिला तक्रारदारांसाठी आहे. मुलग्यांना कंपनीच्या स्वतःच्या नियमांवर अवलंबून राहावं लागतं. आणि नव्वद दिवसांत तुमची इंटर्नशिपच संपू शकते. तिथून निघालात म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही, पण लॅपटॉप मात्र परत जातो आणि त्यावरचे स्क्रीनशॉटही. ते तारखेसकट स्वतःकडे आधीच ठेवलेले बरे.

आणि बोलूनच बघायचं ठरवलं असेल, तर खुशाल बोला. वागणं संदिग्ध असेल, माणूस तुमच्या गुणांचा मालक नसेल, तर तेच आधी करावं. फक्त त्याच संध्याकाळी एचआरला दोन ओळींचा मेल जाऊ द्या : ‘आज दुपारी आपलं अमुक मेसेजेसबद्दल बोलणं झालं. तुम्ही संबंधितांशी बोलणार असल्याचं सांगितलंत. पुढच्या शुक्रवारपर्यंत काय झालं ते कळवावं.’ पुढे वाढीव मुदत मागायची वेळ आली, तर आपण का थांबलो हे दाखवायला हा मेल हाताशी असतो. आणि शेवटच्या घटनेपासून दोन महिने मोजून मोबाइलवर एक रिमाइंडर लावा. तोवर काही हललं नसेल, तर अर्ज लिहायला अजून एक महिना हातात असतो.