पुसू नका, तारखा मांडा

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात आज एक मुलगी फोन उलटा ठेवून बसली आहे. रात्री अकराला स्क्रीन उजळते. मेसेज पाठवणारा परका नाही. तो गल्लीतला आहे, वर्गातला आहे, नाहीतर लग्नात ओळख झालेल्या पाहुण्यांतला. "जेवलीस का?" "ऑनलाइन आहेस, मग बोलत का नाहीस?" "आज निळा ड्रेस घातला होतास." यातला एकच मेसेज कुणाला दाखवला, तर तो म्हणेल, यात काय एवढं? आणि तिथेच पाठवणारा सुटतो.

तो सुटू नये हे तुमच्या हातात आहे. चॅट पुसू नका. सिम मोडू नका. फोन विकू नका. आधी सगळं जपा, मग ब्लॉक करा.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. स्त्रीने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यातले दोन शब्द मनात ठेवा: 'स्पष्ट नकार' आणि 'पुन्हा पुन्हा'. अकोल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की, एकदाच मागे जाणं म्हणजे पाठलाग ठरत नाही, कृत्य वारंवार घडलेलं हवं. म्हणून ढीगभर स्क्रीनशॉट नुसते पुढे टाकून भागत नाही. 'वारंवार' हे तारखांनीच दिसतं.

मग तारखा मांडा. एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: क्रमांक, तारीख आणि वेळ, नंबर किंवा खात्याचं नाव, जसेच्या तसे शब्द, स्क्रीनशॉटचा क्रमांक. मेसेज अहिराणीत, भिलीत किंवा गुजरातीत असेल तर तसाच लिहा आणि शेजारी मराठी अर्थ द्या. व्हॉइस मेसेज स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. त्याची फाइल जपा.

समजा, तुमच्या मुलीच्या वहीत २४ ओळी झाल्या. पहिल्या तीन साध्या चौकशीच्या. चौथी ओळ तिची स्वतःची: १२ जानेवारी, रात्री ९:४०, "मला मेसेज करू नका." या ओळीखाली लाल रेघ मारा. पाचवी ओळ त्याच रात्री ११:१७ची: "एकदा भेट तरी." पुढे असंच चालू राहिलं. तिने ब्लॉक केल्यावर सतराव्या ओळीत नवा नंबर आला. आता मोजा. नकारानंतरच्या २३ दिवसांत २० मेसेज, त्यातले १४ रात्री साडेदहानंतर, दोन नंबरांवरून. तक्रारीचं पहिलं वाक्य हेच लिहा. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आणखी काही समजावून सांगावं लागणार नाही.

वेळ लिहिताना आळस करू नका. मुंबईत एका माजी नगरसेविकेला रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान, ती कशी दिसते आणि किती आवडते, असे मेसेज आले होते. ते पाठवणाऱ्याची शिक्षा दिंडोशी सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कायम ठेवली. मेसेज २०१६ चे होते. नऊ वर्षांनंतरही ती वेळ नोंदलेली होती.

पण घाईत केलेला स्क्रीनशॉट दगा देतो. व्हॉट्सॲपवर आजच्या मेसेजवर 'आज' दिसतं, उद्या 'काल' दिसतं. महिन्याभराने त्या चित्रातला 'आज' कोणता, हे कोण सांगणार? म्हणून लगेच एक स्क्रीनशॉट घ्या आणि आठ-दहा दिवसांनी, पूर्ण तारीख दिसू लागली की, तोच भाग पुन्हा घ्या. नाव सेव्ह केलेलं असेल तर त्यावर टॅप करून नंबर दिसणारं पानही घ्या. चॅट 'एक्सपोर्ट' करा, त्यात प्रत्येक मेसेजपुढे तारीख-वेळ येते. धडगाव-मोलगीकडे रेंज आली की मेसेज एकदम येऊन पडतात. तेव्हा फोन वाजल्याची वेळ लिहू नका, मेसेजखाली दिसते तीच लिहा.

उशीर करू नका. पाठवणारा सुमारे अडीच दिवसांपर्यंत आपला मेसेज तुमच्याही फोनवरून काढून टाकू शकतो. 'रिपोर्ट आणि ब्लॉक' घाईने दाबलं तर अख्खी चॅटही जाऊ शकते.

मूळ चित्राला हात लावू नका. कापू नका, त्यावर गोल काढू नका. प्रत करा आणि खुणा तिच्यावर करा. स्वतःची उत्तरं लपवू नका, रागात दिलेलं उत्तरसुद्धा. मधलंच पान गायब झालं तर उरलेल्या पानांवर कोण विश्वास ठेवील? वही ही फक्त वाट दाखवते, खरा पुरावा फोनमध्ये आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं: मूळ उपकरणच न्यायालयात दाखवता येत नसेल, तर प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. आता ते प्रमाणपत्र साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली देतात. त्याबद्दल पोलीस ठाण्यात विचारा आणि फोन रिसेट करू नका.

आई-बाबांनो, आता तुमच्याशी बोलतो. मुलीने फोन पुढे केला की पहिला राग फोनवर निघतो. फोन काढून घेतला जातो, मग कॉलेज बंद होतं, मग स्थळं पाहायला लागतात. त्याने मेसेज केले आणि शिक्षा तिला झाली! असं करू नका. तिच्या शेजारी बसा. ती वाचेल, तुम्ही लिहा. वीस वेळा ते शब्द एकटीने पुन्हा वाचणं सोपं नसतं. भावांनो, त्याच्या दारात जाऊन मारामारी करू नका. उद्या गुन्हा तुमच्यावर नोंदवला जाईल आणि वही मागे पडेल.

मग तक्रार करा. cybercrime.gov.in वर नोंदवा आणि पोचक्रमांक वहीत लिहून ठेवा. पण पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. वही, प्रिंट आणि फोन घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. कलम ७८ खाली स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तसं मागा. मेसेज पाठवणारा ऊसतोडीला सुरतेकडे गेला आहे, म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. मुलगी अठराच्या आतली असेल तर वय आधी सांगा, तिथे पोक्सो लागू होऊ शकतो. १०९८ वरही मदत मिळते. धमकी आली, तो दाराशी आला, तर वही बाजूला ठेवा आणि ११२ लावा.

आज रात्री जेवणं झाली की घरात एकदा विचारा, "तुला कुणी त्रास देतंय का?" ती 'हो' म्हणाली तर ओरडू नका. वही काढा, पहिली तारीख लिहा.