विश्लेषण : निद्रारोगात रुग्ण खरेच जास्त झोपतो का?

आफ्रिकेतील ‘स्लीपिंग सिकनेस’ म्हणजे निद्रारोग. नाव ऐकले की दिवसरात्र गाढ झोपून राहिलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात रुग्ण चोवीस तासांत झोपतो साधारण निरोगी माणसाइतकाच. फरक असा, की ती झोप रात्री सलग लागत नाही. तिचे तुकडे होतात आणि ते दिवसभर विखुरतात. रुग्ण भर दुपारी जेवता जेवता पेंगतो आणि रात्री टक्क जागा असतो. बिघडते ते झोपेचे प्रमाण नव्हे, तर वेळापत्रक. हे वेळापत्रक बिघडले म्हणजे आजार मेंदूपर्यंत पोहोचला, आणि उपचार झाले नाहीत तर मृत्यू जवळपास अटळ. म्हणूनच या आजारात डॉक्टरांना सर्वांत आधी हेच ठरवावे लागत असे, की परजीवी अजून रक्तातच आहे की मेंदूत शिरला आहे.

परजीवी मेंदूत कसा पोहोचतो?

या आजाराचा परजीवी म्हणजे ‘ट्रिपॅनोसोमा ब्रुसिआय’ हा एकपेशीय जीव. तो पसरवते सहाराच्या दक्षिणेकडे आढळणारी त्सेत्से माशी. डासांत केवळ मादी चावते, त्सेत्सेत मात्र नर-मादी दोघेही रक्त पितात. परजीवीचे माणसाला बाधणारे दोन प्रकार आहेत. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘ऱ्होडेसिएन्स’ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जीव घेतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील ‘गॅम्बिएन्स’ संथ आहे आणि बहुतांश रुग्ण त्याचेच. पुढील माहिती प्रामुख्याने त्याच्याबद्दल आहे.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील क्विलू प्रांतात नदीकाठी शेती करणारी एखादी स्त्री घ्या. पाणी भरताना तिला माशी चावते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप येतो, जातो, पुन्हा येतो. डोके दुखते, सांधे दुखतात, अंगाला खाज सुटते. मानेच्या मागच्या बाजूला गाठी येतात. एवढ्यावरून कोणीही हिवतापाचेच औषध देईल, आणि बहुतेकदा तसेच होते. ताप असा येत-जात राहण्याचे कारण परजीवीच्या वेशांतरात आहे. त्याच्या अंगावर प्रथिनांचा एक दाट थर असतो. शरीराने त्या थराविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की बहुतेक परजीवी मरतात, पण थोड्यांनी तोवर दुसऱ्याच प्रथिनाचा थर चढवलेला असतो. त्यांची संख्या वाढते आणि शरीराला लढाई पहिल्यापासून सुरू करावी लागते. अशा शेकडो थरांचा साठा त्याच्या जनुकांत असल्यामुळेच या आजारावर लस करणे आजवर जमलेले नाही.

ही पाठशिवण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते आणि मग कधीतरी परजीवी मेंदूच्या आवरणांत आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो. आता त्या स्त्रीच्या घरच्यांना वेगळ्याच गोष्टी दिसू लागतात. ती विनाकारण चिडते, हात थरथरतात, चाल अडखळते, बोलणे बरळल्यासारखे होते. रात्री ती अंगणात फिरते आणि दुपारी चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो. अशा रुग्णाला वेड लागले असे समजले जाण्याचे प्रसंग कमी नाहीत.

झोपेचे घड्याळ का बिघडते?

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, पेशींचा एक छोटा पुंजका शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ सांभाळतो. हायपोथॅलॅमसच्या शेजारच्या काही जागी रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक पडदा मुळातच विरळ असतो. परजीवीला तिथून शिरकाव सोपा जातो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. तिथे दाह सुरू होतो आणि त्या दाहातून सुटणारी रसायने झोप-जागेच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. झोप आणणारे ‘प्रोस्टाग्लँडिन डी-२’ हे द्रव्य उशिराच्या टप्प्यातील रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात वाढलेले आढळले आहे. मात्र सगळा दोष नेमका कोणत्या एका रसायनाचा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

फ्रेंच संशोधक ॲलँ बुगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील रुग्णांच्या मेंदूलहरी सलग चोवीस तास नोंदवल्या. त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या. पहिली म्हणजे झोपेचे विखुरणे. दुसरी अधिक सूचक होती. निरोगी माणसाला झोप लागल्यावर साधारण दीड तासाने स्वप्नांची झोप येते. या रुग्णांत ती अनेकदा डोळा लागताच सुरू होत होती. आजार जितका वाढलेला, तितका हा बिघाड अधिक. अत्यवस्थ रुग्णांत कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांची रोजची चढउतारही सपाट झाली होती. उपचारांनंतर बऱ्याच रुग्णांची झोप पुन्हा रुळावर आली. म्हणजे निदान काही काळ तरी घड्याळ मोडलेले नसते, फक्त अडकलेले असते. उपचारांत जाणारा प्रत्येक महिना म्हणूनच महाग पडतो.

पाठीत सुई का टोचावी लागे?

गावोगाव फिरणारी पथके आधी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन प्रतिपिंडांची चाचणी करतात. ती सकारात्मक आली म्हणजे आजार आहेच असे नाही. मानेतील गाठीतून सुईने काढलेला द्रव किंवा रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वळवळणारा परजीवी प्रत्यक्ष पाहावा लागतो. तो दिसला की पुढची पायरी म्हणजे पाठीच्या मणक्यांतून पाणी काढणे. त्या पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये पाचाहून अधिक पांढऱ्या पेशी असल्या किंवा परजीवीच दिसला, तर आजार मेंदूत पोहोचला असे धरले जाते.

या सुईची लोकांना धास्ती होती. तिच्यापायी अनेक जण तपासणीलाच येत नसत. तरीही ती टाळता येत नव्हती, कारण पुढचे औषध तिच्यावर ठरे. पहिल्या टप्प्यातील पेंटामिडिन मेंदूत पुरेसे पोहोचत नाही. दुसऱ्या टप्प्यासाठी १९४९ पासून होते ते मेलार्सोप्रोल, म्हणजे आर्सेनिकचे संयुग. शिरेतून देताना ते आग लावत जाई. ते घेणाऱ्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांत मेंदूची तीव्र प्रतिक्रिया उमटे आणि त्यातले निम्मे दगावत. म्हणजे वीसातला जवळपास एक जण आजाराने नव्हे, औषधाने मरत असे. तरी डॉक्टर ते देत, कारण न देणे म्हणजे मृत्यूच.

पर्याय नव्हता असेही नाही. कर्करोगासाठी तयार झालेले एफ्लॉर्निथिन या आजारावर गुणकारी ठरले होते. पण गरीब रुग्णांच्या औषधात नफा नसल्याने नव्वदच्या दशकात त्याचे उत्पादन थांबले. ते पुन्हा बाजारात दिसले ते महिलांच्या चेहऱ्यावरील लव कमी करणाऱ्या क्रीममध्ये! २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि अव्हेंतीस कंपनी यांच्यातील करारानंतर ते आफ्रिकेतील रुग्णांना मोफत मिळू लागले. सौंदर्यप्रसाधनाच्या निमित्ताने प्राणरक्षक औषध पुन्हा पदरात पडावे, यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही. पण तेही सोपे नव्हते. दिवसातून चार, अशा चौदा दिवसांत छप्पन्न सलाइन लावाव्या लागत. २००९ पासून निफर्टिमॉक्सच्या गोळ्यांची जोड मिळाल्याने त्या चौदावर आल्या.

खरा बदल २०१८ मध्ये झाला. फेक्सिनिडाझोल हे अडगळीत पडलेले जुने संयुग ‘डीएनडीआय’ या ना-नफा संस्थेने शोधून काढले आणि काँगो व मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात त्याची चाचणी घेतली. हे फक्त गोळ्यांचे औषध आहे. प्रौढांना चार दिवस रोज तीन आणि पुढचे सहा दिवस रोज दोन गोळ्या, त्याही भरपेट जेवणानंतर. रिकाम्या पोटी त्या पुरेशा शोषल्या जात नाहीत. मेंदूत पोहोचलेल्या आजाराच्या चाचणीत दीड वर्षानंतर ९१ टक्के रुग्ण बरे होते. सलाइन-गोळ्यांच्या जुन्या उपचारात हे प्रमाण ९८ टक्के होते. म्हणजे नवे औषध थोडे उणे आहे. पाठीतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी शंभर किंवा त्याहून अधिक असतील, तर जुनाच उपचार श्रेयस्कर. पण हे औषध दोन्ही टप्प्यांवर चालत असल्याने, गंभीर लक्षणे नसलेल्या बहुतेकांची पाठीतली सुई टळली. बरळणे, गोंधळ, झोपेचा मोठा बिघाड दिसला तरच पाणी काढायचे, असा आता नियम आहे. लॅबोरेटरीने द्यायचा निर्णय बऱ्याच अंशी रुग्णाजवळ बसून, त्याची रात्र कशी जाते हे विचारून होऊ लागला आहे.

भारतात हा आजार होऊ शकतो का?

त्सेत्से माशी भारतात नसल्याने निद्रारोगाचा प्रसार इथे होत नाही. मात्र या परजीवीचा एक भाऊबंद इथे आहे. घोडे, उंट, गुरे यांना होणारा ‘सर्रा’ हा रोग ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’मुळे होतो आणि तो गोमाशीसारख्या चावऱ्या माश्या पसरवतात. माणसाच्या रक्तातील एक प्रथिन या परजीवीला मारून टाकते, म्हणून तो आपल्याला बाधत नाही. याला अपवाद सापडला तो महाराष्ट्रातच. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला २००४ मध्ये महिनोन्‌महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापात या परजीवीची लागण झाल्याचे आढळले. मानवातील या संसर्गाची ही जगातील पहिली सिद्ध नोंद. त्याच्या जनुकातील दोषामुळे ते संरक्षक प्रथिनच तयार होत नव्हते, हे पुढे स्पष्ट झाले. परजीवी मेंदूत शिरलेला नव्हता. आफ्रिकेतील निद्रारोगावरील सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला.

रुग्ण कमी झाले, मग चिंता कशाची?

१९९८ मध्ये आफ्रिकेत जवळपास ४० हजार रुग्ण नोंदले गेले आणि न नोंदलेले तीन लाख असावेत असा अंदाज होता. २०१८ मध्ये ही नोंद हजाराच्या खाली आली. टोगो, आयव्हरी कोस्ट, घाना, चाड अशा देशांत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे. गॅम्बिएन्सचा माणसांतील प्रसारच २०३० पर्यंत थांबवण्याचे उद्दिष्ट आहे.

पण आफ्रिका या टप्प्यावर एकदा येऊन गेलेली आहे. साठच्या दशकाच्या मध्यात संपूर्ण खंडात वर्षाला पाच हजारांहून कमी रुग्ण नोंदले जात होते. आजार संपत आला असे समजून फिरती पथके विरली, यादव्या सुरू झाल्या आणि तीस वर्षांत अंगोला, काँगो, दक्षिण सुदानमधील काही गावांत निम्म्यापर्यंत लोक बाधित आढळू लागले.

रुग्ण कमी होतात तशी नवा रुग्ण ओळखणारी माणसेही कमी होतात, ही या आजारातली खरी अडचण आहे. पथकाला हजारो लोक तपासून एखादाच सापडतो, तेव्हा खर्चाचे समर्थन अवघड होते. मधल्या काळात मानेतली गाठ चाचपणारा आणि सूक्ष्मदर्शकाखालची वळवळ ओळखणारा तंत्रज्ञ निवृत्त होतो. ज्याच्या अंगात परजीवी वर्षानुवर्षे फारशा लक्षणांशिवाय राहतो, तो तर दवाखान्याची पायरीही चढत नाही. माशी मात्र त्याचे रक्त पीतच असते. म्हणूनच नदीकाठी कीटकनाशक लावलेले छोटे निळे पडदे उभारून माश्या कमी करण्याचे काम तपासणीच्या जोडीने चालवावे लागते. एकाच वेळी तीन गोळ्या घेऊन संपणाऱ्या ॲकोझिबोरोल या औषधाकडेही सगळ्यांचे डोळे लागले आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूत आजार पोहोचलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांत ते यशस्वी ठरले. असे औषध पुरेसे निर्धोक ठरले, तर रक्तचाचणी सकारात्मक आलेल्या प्रत्येकाला, परजीवी दिसण्याची वाट न पाहता, तिथल्या तिथे गोळ्या देता येतील.