पाडव्याच्या चार ओळी ‘मनाच्या श्लोकां’च्या चालीत म्हणून बघा, कुठे अडखळताय?

पाडव्याच्या सकाळी फोनवर शुभेच्छांचे चौकोनी फोटो येऊ लागतात. भगव्या-पिवळ्या रंगात गुढी, कोपऱ्यात रांगोळी आणि मधोमध चार ओळी. त्यातली कुठलीही एक चारोळी उघडा आणि मोठ्याने म्हणा. बहुतेक वेळा दुसऱ्या ओळीत श्वास कमी पडतो, तिसरीत दोन अक्षरं गिळावी लागतात आणि चौथीच्या शेवटी ‘पहाट’ला ‘वाट’ किंवा ‘लाट’ जोडलेली असते. यमक जुळलं म्हणजे कविता झाली, असं आपण धरून चाललो आहोत. त्यामुळे या ओळी डोळ्यांनी वाचल्या जातात, तोंडाने कोणी म्हणत नाही, आणि दुपारपर्यंत एकही लक्षात राहत नाही.

माझं म्हणणं असं की चारच ओळी लिहायच्या असतील तर त्या वृत्तात लिहाव्यात. जुनं ते सोनं म्हणून नव्हे. वृत्त ही एक गाळणी आहे. घिसेपिटे शब्द तिच्यात अडकतात आणि मग लिहिणाऱ्याला स्वतःच्या घराकडे नीट बघावं लागतं. हे कसं घडतं ते एका चारोळीवर करून दाखवतो.

चाल तुम्हाला येतेच

त्यासाठी सगळ्यात सोयीचं वृत्त म्हणजे भुजंगप्रयात. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात आहेत. शाळेत, घरी किंवा देवळात ती चाल कानावर पडली नाही असा मराठी माणूस विरळा. म्हणजे तपासणीचं यंत्र आधीच डोक्यात आहे.

नियम छोटा आहे. अक्षरं दोन प्रकारची. अ, इ, उ असा ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ओ असा दीर्घ स्वर किंवा अनुस्वार असलेलं अक्षर गुरू, त्याच्या दोन. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तर ते मागचं अक्षरही गुरू होतं. म्हणून ‘वर्ष’मधला ‘व’ दिसायला ऱ्हस्व असला तरी गुरू.

भुजंगप्रयातात एक लघु आणि त्यामागे दोन गुरू, हा तुकडा प्रत्येक ओळीत चार वेळा येतो. लगागा, लगागा, लगागा, लगागा. बारा अक्षरं, वीस मात्रा. माझ्यासारख्या इंजिनीअरिंगमधून आलेल्याला हे `011 011 011 011` असं लिहिलं की लगेच कळतं.

आता गंमत बघा. ‘शुभेच्छा’ हा शब्द स्वतःच एक लगागा आहे. ‘गुढीपाडवा’ हाही ओळीच्या सुरुवातीला नेमका बसतो. पण फॉरवर्डमधली सगळ्यात लाडकी सुरुवात ‘नव्या वर्षाच्या’ ओळीच्या आरंभी येऊच शकत नाही, कारण चौथ्या जागी ‘र्षा’ हे गुरू अक्षर येतं आणि तिथे हवा लघु. तशी सुरुवात करायची सवय चौथ्याच अक्षराला बंद होते. मला हे फार आवडतं.

बारा अक्षरं, वीस मात्रा, तरीही चूक

समजा, गुढीवरच्या तांब्याबद्दल लिहायचं आहे. पटकन सुचेल अशी एक ओळ घेऊ:

गुढीवरी पालथा तांब्या रिकामा

अक्षरं मोजा, बारा. मात्रा मोजा, वीस. दोन्ही आकडे बरोबर. आता ही ओळ श्लोकाच्या चालीत म्हणा. ‘गुढी’पर्यंत ठीक जातं आणि ‘वरी’ला जीभ अडखळते. चालीला तिसरं अक्षर लांब हवं असतं आणि आपल्याकडे तिथे ‘व’ आहे. लघु अक्षरं हवीत पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या जागी. इथे ती पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या जागी पडली आहेत. बेरीज जुळली, क्रम चुकला. भुजंगप्रयात हे अक्षरगणवृत्त आहे. त्यात प्रत्येक जागा ठरलेली असते, नुसती बेरीज चालत नाही.

मोजण्याचं काम संगणकावर टाकायचा मोह होईल. तिथे एक खड्डा आहे:

```python
len("वर्ष")   # 4
```

पायथन व, र, हलन्ताचं चिन्ह आणि ष असे चार तुकडे मोजतो. छंदात अक्षरं दोनच. बोटांवर मोजलेलं बरं.

बोटांवर मोजतानाही एक गोष्ट सांभाळायची. ‘सांडून’ हा शब्द बोलताना आपण शेवटचा ‘न’ जवळजवळ अर्धा उच्चारतो. वृत्तात मात्र तो पूर्ण अक्षर आहे, लघु. ‘वास’मधला ‘स’ आणि ‘त्यात’मधला शेवटचा ‘त’ही तसेच. बोलण्याच्या सवयीने मोजलं तर दर ओळीला एखादं अक्षर हरवतं. अडखळणाऱ्या चारोळ्यांमधला बराचसा घोळ इथेच होत असावा.

आता ती ओळ दुरुस्त कशी करायची? शब्द मागेपुढे ढकलून कदाचित जमेलही. पण तिचा दुसरा दोष मोठा आहे: ती फक्त माहिती देते. गुढीवर तांब्या पालथा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो पालथा तांब्या कशासारखा दिसतो? नुकतंच कोणीतरी त्यातलं सगळं ओतून टाकल्यासारखा. काय ओतलं? सरलेलं वर्ष.

जुने वर्ष सांडून तांब्या रिकामा

जु-ने-वर्, ष-सां-डू, न-तां-ब्या, रि-का-मा. चारही तुकडे लगागा. ‘गुढीवरी’ आणि ‘पालथा’ हे दोन्ही शब्द गेले आणि त्यांच्या जागी एक कृती आली.

कपाटातून उशापर्यंत

गुढीला नेसवायला अनेक घरांत ठेवणीतलं रेशमी वस्त्र काढतात. पैठणी, शालू, नाहीतर खण. हे वस्त्र वर्षभर घडी घालून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असतं. त्याला खरं ऊन मिळतं ते पाडव्याला. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवली जाते. शालू पुन्हा कपाटात जातो. तांब्याचं काय होतं? तो स्वयंपाकघरात परत येतो आणि रात्री पाणी भरून उशाशी ठेवला जातो. सकाळी ज्याची पूजा केली तीच वस्तू रात्री तहान भागवते. नव्या वर्षाची माझी प्रतिमा हीच. तिला सोनेरी पहाटेची गरज नाही.

कपाटातला शालु आला उन्हाला
घडीचा शिळा वास सारा उडाला
जुने वर्ष सांडून तांब्या रिकामा
पुन्हा त्यात पाणी नि रात्री उशाला

म्हणून बघा. आणि आता हिच्यावर घेता येतील असे आक्षेप मीच घेतो.

पहिला आक्षेप ‘शालु’वर. शब्द आहे ‘शालू’, शेवटचा ऊकार दीर्घ. सातव्या जागी लघु हवा म्हणून तो ऱ्हस्व केला आहे. ही सवलत मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनीच दिलेली आहे: पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाचं स्वातंत्र्य कवीला आहे. पण सवलत म्हणजे रान मोकळं नव्हे. चार ओळींत एकदा चालतं, चारदा घेतलं तर वाचणारा चुका मोजू लागतो. सवलत अजिबात नको असेल तर ‘कपाटातली पैठणी ये उन्हाला’ अशीही ओळ होते आणि ती गणात चोख बसते. मला मात्र त्यातला ‘ये’ जागा भरायला आणल्यासारखा वाटतो. पुढच्या ओळीत ‘उडाला’ आहे, त्याच्याशी काळही जुळत नाही. शालूचा ऊकार आखडणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

दुसरा आक्षेप ‘उन्हाला’ आणि ‘पुन्हा’वर. पुढे ‘न्हा’ हे जोडाक्षर असताना ‘उ’ आणि ‘पु’ लघु कसे? उत्तर कानात आहे. ‘उद्या’ म्हणताना ‘उ’वर जोर येतो, ‘द’ दुहेरी ऐकू येतो. ‘उन्हाळा’ म्हणताना तसं होत नाही. न्ह, म्ह, ऱ्ह यांसारख्या मराठी जोडाक्षरांचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून ते लघुच राहतं. ‘उन्हाला’ ओळीच्या शेवटी बसतो. त्याच जागी ‘उद्याला’ बसला नसता.

तिसरा आक्षेप यमकाचा. तिसरी ओळ जुळत नाही. ती मुद्दाम सोडली आहे. पहिली, दुसरी आणि चौथी जुळवायची आणि तिसरी मोकळी ठेवायची ही रुबाईची रचना. उमर खय्यामच्या रुबाया माधव जूलियनांनी मराठीत आणल्या, त्यामुळे ती इथे परकी नाही. मोकळ्या ओळीमुळे कान थोडा थांबतो आणि चौथ्या ओळीला यमक परत येतं. यमकही नुसत्या ‘ला’वर भागवलेलं नाही. ‘उन्हाला’ला ‘गेला’ जोडलं असतं तर ते लंगडं वाटलं असतं, कारण ‘ला’च्या मागचा स्वर वेगळा. ‘उन्हाला, उडाला, उशाला’मध्ये मागचा ‘आ’ही जुळतो.

उलट बाजूही सांगायला हवी. ‘नवे वर्ष घेऊन आली पहाट’ ही ओळ म्हणून बघा. शेवटचा ‘ट’ लघु आहे, पण ओळीच्या शेवटचं अक्षर लांबवून गुरू धरण्याची मुभा असते, म्हणजे वृत्तात ती बसते. दिसत मात्र काहीच नाही. कुठली पहाट, कोणाच्या गॅलरीतून? वृत्त शिळे शब्द अडवतं, पण सगळे अडवत नाही. ‘पहाट’ला आत सोडायचं की नाही, हे शेवटी लिहिणाऱ्याने ठरवायचं.

माझ्या चारोळीत ‘गुढी’ हा शब्दच नाही, अशी तक्रार नक्की येईल. शालू उन्हात आला आणि तांब्या रिकामा दिसला की मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी खाली ‘पाडव्याच्या शुभेच्छा’ लिहायला भरपूर जागा आहे, आणि तिथे वृत्ताची अट नाही.

तुमची चारोळी टाइप करताना फक्त कीबोर्डवर लक्ष ठेवा. ‘शालु’ लिहिलंत की तो ‘शालू’ सुचवण्याची शक्यता आहे. सुचवलेलं स्वीकारलंत तर शुद्धलेखन सुधारेल आणि पहिल्याच ओळीत एक मात्रा वाढेल.